सकाळी बंद असणारा गाळा पोह्या-उपम्यासाठी घ्यावा का? (प्रभादेवी)

प्रभादेवीची सून
नमस्कार. मी आणि माझे यजमान प्रभादेवी स्थानकाच्या पश्चिमेला सकाळी पोहे, उपमा आणि मंगळवारी साबुदाण्याची खिचडी विकण्याचा विचार करत आहोत. स्वतंत्र गाळा घेणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून सकाळी बंद असणारी जागा काही तासांसाठी मिळते का याचा आम्ही दोन महिने शोध घेतला आणि आता दोन पर्याय समोर आले आहेत.

पहिला पर्याय शिंप्याच्या दुकानाचा आहे. ते अकरा वाजता उघडते, आणि सकाळी साडेसहा ते साडेदहा दुकानाच्या पुढच्या भागात टेबल लावण्याचे ते दिवसाला ४०० रुपये मागत आहेत. तिथे स्वयंपाक करता येणार नाही, त्यामुळे सगळे घरून करून न्यावे लागेल. दुसरा पर्याय चायनीजच्या गाळ्याचा आहे. तो संध्याकाळी सहानंतर चालू होऊन मध्यरात्रीनंतर बंद होतो. तिथे भट्टी, मोरी, पाण्याची टाकी, धूर बाहेर काढणारा पंखा हे सगळे तयार आहे, मात्र भाडे दिवसाला ७०० रुपये आहे. दोन्ही ठिकाणी एक मदतनीस लागेलच. शिंप्याचे दुकान स्वस्त आणि स्थानकाला अधिक जवळ असल्यामुळे आमचे मन तिकडे झुकते आहे. ज्यांनी अशा उधारीच्या वेळेत धंदा केला आहे त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

नाना गिरगावकर
ताई, बंद शटरसमोर टेबल टाकून विकण्याच्या फंदात पडू नका. माझ्या भाच्याने एका बंद बँकेच्या पायऱ्यांपुढे असेच सुरू केले होते, आणि तिसऱ्या आठवड्यात पालिकेची गाडी येऊन टेबल, पातेली आणि शेगडी सगळे उचलून घेऊन गेली. फूटपाथवर बसण्यासाठी फेरीवाल्याचा परवाना लागतो आणि पालिकेच्या कायद्यातील कलम ३१४ खाली नोटीस न देताही सामान उचलता येते.

प्रभादेवीची सून
नाना, आम्ही फूटपाथवर बसणार नाही. शटर उघडून उंबरठ्याच्या आतच टेबल लावायचे आहे.

नाना गिरगावकर
मग माझा मुद्दा अर्धाच राहिला. तरीसुद्धा गिऱ्हाईक उभे कुठे राहणार याचा विचार करा, कारण टेबल आत असले तरी दहा माणसे प्लेट हातात घेऊन फूटपाथवरच उभी राहतात आणि तक्रार त्यांच्यामुळे होते.

कढईवाला
मी भांडुपला एका झेरॉक्सच्या दुकानात अडीच वर्षे आणि त्यानंतर संध्याकाळच्या वडापावच्या गाळ्यात चार वर्षे सकाळचा नाश्ता विकला आहे, त्यामुळे दोन्ही प्रकार मी भोगलेले आहेत. भाड्याच्या आकड्यांची तुलना करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा, की त्या दिवशी किती करायचे हे तुम्ही किती वाजता ठरवता?

घरून करून नेताना तो निर्णय पहाटे पाचला होतो. त्या वेळी पाऊस पडेल का, लोकल वेळेवर असतील का, कोणत्या कार्यालयाला सुट्टी आहे का, यातले काहीच माहीत नसते. एकदा पातेले भरले की ते भरलेच. याउलट जागेवर भट्टी असेल, तर कांदा चिरलेला, दाणे तळलेले आणि मिरच्या-कढीपत्ता निवडलेला ठेवायचा आणि एका वेळी एकच किलो पोहे रोवळीत भिजवायचे. फोडणीपासून कोथिंबिरीपर्यंत एक घाणा दहा मिनिटांत निघतो. समोरच्या पातेल्यात पाच-सहा प्लेटचा माल उरला की पुढचा घाणा टाकायचा, आणि साडेनऊला गर्दी ओसरली की हात थांबवायचा.

दुसरी गोष्ट मालाच्या प्रतीची आहे. घरून आणलेले पोहे झाकून ठेवले तर झाकणाला सुटलेले पाणी पुन्हा पोह्यांवर पडते आणि खालचा थर गिच्च होतो, आणि उघडे ठेवले तर अर्ध्या तासात वरचा थर कोरडा पडतो. सव्वासातला आलेला गिऱ्हाईक खूश असतो आणि साडेनऊचा गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. तुमचा धंदा साडेआठच्या आधीच संपत असल्याचे दिसू लागले, तर हे कारण असण्याची शक्यता पुष्कळ असते, कारण लोक तोंडावर काही बोलत नाहीत. उपमा थोडा सैल ठेवला तर तग धरतो. पोहे मात्र तग धरत नाहीत.

तिखटमीठ
कागदपत्रांची चिंता करू नका. दुकानाचा गुमास्ता मालकाच्या नावावर आहेच, आणि तुम्ही तीच जागा वापरणार आहात, त्यामुळे वेगळे काही काढण्याची गरज नाही. फार तर कंडक्टिंगचा, म्हणजे मालकाचा धंदा त्याच्या वतीने चालवण्याचा करार करा, म्हणजे पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोपही येणार नाही. आमच्या चाळीखालची निम्मी दुकाने कंडक्टिंगवर चालतात.

कोर्टाची पायरी
तिखटमीठ यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते, त्यामुळे गुमास्त्याचा बाऊ करण्यासारखे काही नाही. अन्नाची गोष्ट वेगळी आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी ही धंदा करणाऱ्या व्यक्तीची आणि त्या जागेची असते. शिंप्याकडे ती असण्याचे कारणच नाही, आणि चायनीजवाल्याची नोंदणी त्याच्या धंद्यासाठी आहे, तुमच्या नाही. लहान धंद्याला नोंदणी पुरते आणि तिचे शुल्क किरकोळ आहे, तेव्हा ती स्वतःच्या नावाने काढा. घरी शिजवणार असाल तर जिथे अन्न तयार होते तो घराचा पत्ताही त्यात आला पाहिजे, हे लोक विसरतात. शिवाय जागेवर शिजवून खाऊ घालायचे असेल, तर पालिकेच्या आरोग्य खात्याचा परवाना त्या गाळ्याला आहे का आणि तो कोणत्या धंद्यासाठी आहे, हे मूळ कागद हातात घेऊन पाहा.

कंडक्टिंगबद्दल मात्र सावध करतो. कराराच्या डोक्यावर काय लिहिले आहे याला न्यायालय फार महत्त्व देत नाही. जागेचा ताबा खरोखर कोणाकडे आहे आणि त्याबद्दल पैसे दिले जातात का, हे पाहिले जाते. मालकाचा चालू धंदा त्याच्या नावाने, त्याच्या हिशेबात तुम्ही चालवता, तेव्हा कंडक्टिंगला अर्थ असतो. शिंप्याच्या दुकानात पोहे विकणे हे शिंपीकाम चालवणे नव्हे. म्हणून सर्वांत आधी हे विचारा की शिंपी स्वतः मालक आहे की पागडीचा भाडेकरू. पागडीचा असेल आणि घरमालकाची लेखी संमती नसेल, तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातील कलम १६ खाली घरमालकाला त्यालाच बाहेर काढण्याचे कारण मिळते. जुन्या इमारतीचा पुनर्विकास तोंडावर असताना घरमालक अशा कारणाची वाटच पाहत असतात.

तिखटमीठ
मग निम्मी मुंबई बाहेर निघायला हवी होती. चार तास टेबल लावणे म्हणजे ताबा कसा काय होतो?

कोर्टाची पायरी
चार तासांमुळे आपोआप ताबा होतो असे मी म्हटलेले नाही. किल्ली कोणाकडे आहे, त्या वेळात मालक आत येऊ शकतो का, तुमचे सामान कुलपात कायम राहते का, यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि दोन्ही बाजूंनी वाद होऊ शकतो. पण तो वाद शिंप्याच्या चाळीस वर्षांच्या दुकानावर होईल, आणि त्याला याची कल्पना आहे का, हे विचारणे तुमचेही कर्तव्य आहे.

सुईदोरा
मी स्वतः गिरगावात ब्लाउज शिवण्याचे दुकान चालवते, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. माझ्या नणंदेच्या आग्रहाखातर मी एका बाईंना सकाळी पुढची जागा दिली होती. त्या घरूनच सगळे आणत होत्या, फक्त गरम ठेवण्यासाठी एक छोटी शेगडी होती. पंधरा दिवसांत गिऱ्हाइकांनी सांगायला सुरुवात केली की ब्लाउजला फोडणीचा वास येतो. अस्तराचे कापड आणि रेशीम वास फार लवकर धरतात आणि ते धुऊन देता येत नाही. एका नवरीच्या शालूवरचा ब्लाउज मला नवीन कापड आणून पुन्हा शिवावा लागला.

त्यापेक्षा मोठी कटकट पाण्याची होती. माझ्या दुकानात नळ नाही, मोरी नाही. त्या बाई पिंपात पाणी आणायच्या आणि खरकटे पाणी समोरच्या गटारात ओतायच्या. वरच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली ती माझ्या नावाने. त्यांचे साडेदहाचे अकरा व्हायचे, आणि अकराला माझी पहिली गिऱ्हाईक माप द्यायला दारात उभी असायची. भांडण न होता आम्ही तिसऱ्या महिन्यात थांबलो, पण आजही त्यांच्याशी बोलताना अवघडल्यासारखे होते.

प्रभादेवीची सून
सुईदोरा ताई, हे वाचून पोटात गोळा आला, पण सांगितलेत ते फार बरे झाले. शिंप्याला विचारले. दुकान पागडीचेच आहे आणि घरमालकाला सांगण्याची त्यांची तयारी नाही. तरीही हिशेब समजून घ्यायचा आहे. दिवसाला ३०० रुपयांचा फरक म्हणजे महिन्याच्या सव्वीस दिवसांत ७,८०० रुपये होतात. कढईवाला दादा, एवढा फरक घाण्याने भरून निघतो का?

कढईवाला
भरून निघतो की नाही, हे तुमचे वाईट दिवस किती येतात यावर आहे. माझ्या वहीतल्या पद्धतीने मांडून दाखवतो. आकडे तुमच्या बाजारभावाने बदलून घ्या.

एक किलो जाड पोह्यांतून मला साधारण सतरा प्लेट मिळतात आणि एक किलो रव्यातून बावीस. चार किलो पोहे आणि दोन किलो रवा धरला तर एकूण ११२ प्लेट होतात, आपण ११० म्हणू. प्लेटला किंमत ३० रुपये आणि माल, तेल, गॅस, कागदी प्लेट, चमचा मिळून खर्च १३ रुपये धरतो. मदतनिसाला ४०० रुपये. पोहोचण्याचा खर्च आणि तुमची स्वतःची मजुरी यात धरलेली नाही.

सगळ्या ११० प्लेट गेल्या तर विक्री ३,३०० रुपयांची आणि मालाचा खर्च १,४३० रुपयांचा. मदतनीस आणि भाडे वजा करता शिंप्याच्या दुकानात १,०७० रुपये उरतात, चायनीजच्या गाळ्यात ७७०. इथे तुमचे मन बरोबर सांगते आहे.

आता ८० प्लेट गेल्या असे धरा. शिंप्याकडे तुम्ही ११० करूनच आणल्या आहेत, म्हणून विक्री २,४०० आणि मालाचा खर्च तोच १,४३० राहतो, आणि हातात १७० रुपये येतात. चायनीजच्या गाळ्यात तुम्ही घाणे थांबवून ८५ प्लेटच केल्या, तर मालाचा खर्च १,१०५ होतो आणि ३०० रुपये जास्त भाडे देऊनही १९५ उरतात. म्हणजे ८० प्लेटला दोन्ही जागा जवळजवळ सारख्या ठरतात.

जुलैमधल्या मुसळधार सकाळी ४० प्लेट गेल्या, तर शिंप्याकडे १,०३० रुपये खिशातून जातात आणि चायनीजकडे ४५ प्लेटवर थांबल्यास ४८५. मुंबईत असे दिवस पावसाळ्यात पाच-सहा तरी येतात, आणि नव्या धंद्याचे पहिले दोन महिने तर बहुतेक सगळेच ८० च्या आतले असतात. घरून करून नेणाऱ्याने सुरुवातीला ६० प्लेटच न्याव्यात आणि संपल्या तर संपू द्याव्यात, हाही मार्ग आहे. फक्त मग भाडे आणि मदतनीस मिळून ८०० रुपये ६० प्लेटवर बसतात आणि सगळ्या गेल्या तरी २२० रुपयेच उरतात.

वेळेचेही तसेच आहे. साडेसहा ते साडेदहा हे चार तास वाटतात, पण मांडायला पाऊण तास आणि धुवून-पुसून जागा परत द्यायला पाऊण तास जातो. प्रत्यक्ष विक्रीला अडीच तासच मिळतात. मोरी नसेल तर धुणे घरी नेणे आले, म्हणजे घरची बाई दुपारी एकपर्यंत भांड्यांत अडकते. तो खर्च वहीत कुठेच दिसत नाही.

परळची सायली
मी याच भागात नोकरी करते आणि गिऱ्हाईक म्हणून बोलते. पोहे-उपमा मी चायनीजच्या गाळ्यातून घेईन, पण मंगळवारची खिचडी घेणार नाही. सिद्धिविनायकाला जाऊन येणारी माणसे उपास सोडायला किंवा धरून ठेवायलाच खातात. वर चिकनच्या चित्राची पाटी आणि खाली उपवासाची खिचडी, हे पाहून निम्मे लोक पुढे जातील. तिथे सकाळी कितीही स्वच्छता ठेवलीत तरी पाटी वाचणारा माणूस आत येऊन मोरी बघणार नाही.

कढईवाला
हे म्हणणे खरे आहे. वडापावच्या गाळ्यात मला हा प्रश्न आला नाही, कारण तिथे मांसाहार नव्हता. चायनीजच्या गाळ्यात खिचडीसाठी पातेले, झारा, तेलाची बाटली वेगळी ठेवून ती घरी न्यावी लागतील, आणि त्यांच्या वोकमध्ये हातसुद्धा घालू नये. सोया आणि लसणाचा वास लोखंडात मुरलेला असतो. पाटी झाकण्यासाठी मालकाची परवानगी घेऊन सकाळपुरता कापडी पडदा लावता येतो. तरी सायली ताईंसारखी माणसे जातीलच, हे धरूनच चाला.

प्रभादेवीची सून
मंगळवार हा आमचा सर्वांत मोठा दिवस असेल असे आम्ही धरले होते. खिचडी घरून करून चायनीजच्या गाळ्यातून विकली तर?

नाना गिरगावकर
खिचडी कुठे शिजली हे तुम्ही कितीही सांगितले तरी लोक पाटीच वाचणार. मंगळवारी एखाद्या फुलवाल्याशी किंवा पेढेवाल्याशी सकाळच्या दोन तासांपुरते बोलून पाहा.

सुईदोरा
नाना, फुलवाल्याचा मंगळवार सकाळी चारला सुरू होतो. त्याची जागा त्या दिवशी रिकामी कुठून असणार?

कढईवाला
मंगळवारचे नंतर बघू. चायनीजवाल्याशी बोलणी करण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या, कारण अशा जागांत भांडण नेहमी याच ठिकाणी होते.

त्यांच्याकडे न सांगता सकाळी सहाला जा आणि शटर उघडायला लावा. रात्री साडेबाराला दमून गेलेला माणूस गाळा कसा ठेवतो ते तेव्हाच कळते. ओट्यावर तेल, जाळीत भाताची शिते आणि दिवा लावताच पळणारी झुरळे दिसली, तर तुमचा पाऊण तास मांडण्यात नव्हे, त्यांची घाण काढण्यात जाणार आहे. तो वेळ भाड्यात कमी करून मागा किंवा रात्रीच्या सफाईची अट लिहून घ्या.

गॅस वेगळा ठेवा. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर तुमच्या नावाचा, तुमच्या कुलपाचा असू द्या. ११० प्लेटच्या सकाळीला माझा सिलिंडर दहा-बारा दिवस जातो. घरचा लाल सिलिंडर आणण्याचा मोह टाळा, धंद्यासाठी तो वापरणे बेकायदा आहे आणि तपासणीत दंड गाळामालकाच्या डोक्यावरही येतो. एकच सिलिंडर दोघांत वापरायचा झालाच तर वजनकाटा आणा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच कोरलेले असते, त्यामुळे सकाळी सुरू करताना आणि बंद करताना वजन केले की कोणी किती जाळला यावर वाद राहत नाही. पहिले वर्ष आम्ही वजन न करता निम्मे-निम्मे दिले आणि वडापावच्या तळणीचा गॅस मी भरत राहिलो.

तिसरी गोष्ट म्हणजे भाडे ठरवण्याची पद्धत. पहिले तीन महिने दिवसाला ४०० आणि ८० च्या वरच्या प्रत्येक प्लेटला १० रुपये, असे काही मागून बघा. ११० गेल्या तर त्याला ७०० मिळतातच, आणि पावसात तुमचा जीव वाचतो. प्लेटचे पुडके मोजून घेतले की हिशेबही लपत नाही.

कोर्टाची पायरी
करार होईल तो लेखी आणि नोंदणीकृत करा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार अनुज्ञप्तीचा म्हणजे लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे बंधनकारक आहे आणि मुंबईत त्याचा खर्च या उलाढालीच्या मानाने फार नाही. त्यात वेळ स्पष्ट लिहा, किल्ली कोणाकडे राहील ते लिहा, आणि सोडताना किती दिवसांची सूचना द्यायची तेही लिहा. आणि चायनीजवाला स्वतः मालक आहे की कंडक्टिंगवर बसलेला आहे, हेही विचारले आहेत ना? तो स्वतः दुसऱ्याच्या जागेत असेल, तर शिंप्याचाच प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो.

प्रभादेवीची सून
आज सकाळी सहाला गेलो होतो. गाळा त्यांच्या वडिलांच्या नावावर आहे, मालकीचा कागद दाखवला. ओटा पुसलेला होता, पण मोरीच्या जाळीत नूडल्स अडकलेल्या होत्या आणि पंख्याच्या पात्यांवरून तेलाचा थेंब माझ्या हातावर पडला. ते म्हणाले, पंखा महिन्यातून एकदा धुतात. ४०० अधिक दहा रुपये हा हिशेब त्यांना पटला नाही. ५५० ठाम सांगितले, तीन महिन्यांसाठी, रात्रीची मोरी ते स्वच्छ करून देणार या अटीवर. आरोग्य परवान्याची प्रत उद्या देतो म्हणाले आहेत. शिंप्याला आम्ही नकार कळवला.

कढईवाला
५५० ला ८० प्लेटच्या दिवशी ३४५ रुपये उरतात, घ्यायला हरकत नाही. पण पंखा आधी धुऊन घ्या आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा. तुमच्या फोडणीची वाफ वर गेली की रात्रीचे थिजलेले तेल सुटते आणि नेमके पांढऱ्या उपम्यात पडते. आणि परवान्याची प्रत हातात पडेपर्यंत अनामत देऊ नका.

परळची सायली
पोहे सुरू झाले की कळवा. मंगळवारी मी उपास करते, बुधवारी येईन.